रेझ्युमे : मुख्य कार्यकारी अधिकारी पदासाठी

(गोपनीय. अर्जाची कल्पना सध्याच्या कंपनीत कोणालाही नाही, म्हणून माझे आणि कंपन्यांचे नाव येथे दिलेले नाही. दोन्ही पहिल्या भेटीत सांगेन.)

थोडक्यात

उत्पादन क्षेत्रात २६ वर्षे. त्यातली १३ वर्षे नफ्या-तोट्याच्या थेट जबाबदारीची. सध्या वाहनांचे ओतीव आणि मशीनिंग केलेले भाग बनवणाऱ्या, वर्षाला १,९१० कोटी रुपयांची उलाढाल असलेल्या कंपनीत मुख्य परिचालन अधिकारी. थकलेले कारखाने रुळावर आणणे, अडकलेला पैसा मोकळा करणे आणि आपल्यामागे सांभाळू शकतील अशी माणसे तयार करणे, ही माझी मुख्य कामे. विक्री आणि मार्केटिंग थेट कधी सांभाळलेले नाही. मोठ्या ग्राहकांशी दर आणि करार ठरवण्यात मात्र गेली सहा वर्षे पुढे होतो.

मुख्य परिचालन अधिकारी, एप्रिल २०१९ पासून
खासगी मालकीची कंपनी, गुंतवणूकदार निधीचा अल्प हिस्सा. थेट व्यवस्थापकीय संचालकांना उत्तरदायी.

*व्याप्ती.* ४ कारखाने, खरेदी, गुणवत्ता, देखभाल, पुरवठा साखळी, सुरक्षा आणि कामगार संबंध. एकूण ३,६०० माणसे : कायम कामगार १,४५०, कंत्राटी १,७००, कार्यालयीन व तांत्रिक कर्मचारी ४५०. थेट अहवाल देणारे ९ जण.

*आर्थिक जबाबदारी.* कच्च्या मालासह १,४८० कोटी रुपयांचे वार्षिक परिचालन अंदाजपत्रक. सहा वर्षांत ३१० कोटींचा भांडवली खर्च : ११८ कोटी भट्ट्या आणि मोल्डिंग लाइनवर, ७४ कोटी मशीनिंगवर, ६४ कोटी निर्यातीच्या लाइनवर, बाकी ५४ कोटी किरकोळ बदल आणि प्रदूषण नियंत्रणावर. एका कामापुरती ५ कोटींपर्यंत स्वतःच्या सहीने मंजुरी. त्यावरचे प्रस्ताव संचालक मंडळापुढे मीच मांडतो.

*कंपनी पातळीवरचे निकाल, २०१८-१९ ते २०२४-२५ :*

उलाढाल १,१४० वरून १,९१० कोटी.
एबिटडा ८.९ वरून १३.४ टक्के, म्हणजे साधारण १०१ कोटींवरून २५६ कोटी.
कर्ज ४२० वरून १६५ कोटी.
मालसाठा ७४ दिवसांवरून ४६ दिवस. त्यातून सुमारे १०० कोटींचे खेळते भांडवल सुटले.
ग्राहकांकडे पोचलेला दोषी माल दर दहा लाख नगांमागे ४१० वरून ६२.

उलाढालीच्या आकड्याबद्दल एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. ६८ टक्के वाढ कागदावर देखणी दिसते, पण टनात मोजली तर ती ९२ हजारांवरून १ लाख २७ हजार, म्हणजे ३८ टक्के आहे. उरलेली वाढ काही अंशी भंगार आणि पिग आयर्नच्या भाववाढीची, काही अंशी मशीनिंग करून विकल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण ४१ वरून ५८ टक्के झाल्याची. यातले पहिले माझे श्रेय नाही, दुसरे आहे.

*रिजेक्शन.* एबिटडातली सर्वांत मोठी भर इथून आली : ७.८ टक्क्यांवरून ३.१. सुरुवातीला महिन्याच्या शेवटी तक्ता यायचा आणि तोपर्यंत दोषी भाग पुन्हा भट्टीत गेलेले असायचे. मग रोज सकाळी सव्वाआठला शॉपमध्येच एका टेबलावर आदल्या दिवसाचे नापास भाग कापून ठेवायचे ठरवले. टेबलाभोवती कोअर शॉप, मेल्टिंग, मोल्डिंग आणि गुणवत्ता या चौघांचे प्रमुख उभे राहायचे. खुर्च्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. गिअरबॉक्सच्या एका हाउसिंगमध्ये ब्लोहोलमुळे १४ टक्के माल बाद होत होता आणि वर्षभर वाळूला दोष दिला जात होता. कापलेल्या भागांवरच्या शिफ्टच्या खुणा पाहिल्यावर लक्षात आले की बहुतेक दोष पहिल्या पाळीचे आहेत. कोअर रात्रभर ओल्या भिंतीशेजारच्या रॅकवर राहत होते आणि ओलावा धरत होते. रॅक हलवून तिथे गरम हवेची सोय केली. खर्च नगण्य, रिजेक्शन ४ टक्क्यांवर.

*वीज.* नव्या भट्ट्या आणि चार्जिंगच्या शिस्तीमुळे वितळलेल्या धातूच्या टनामागे वापर ६६५ वरून ५९० युनिट.

*कारखाना बंद करण्याचा निर्णय.* २०२२ मध्ये पाचपैकी एक कारखाना ४४ टक्के क्षमतेने चालत होता आणि वर्षाला ११ कोटींचा तोटा देत होता. ४१० कामगारांपैकी २३८ जणांना इतर कारखान्यांत सामावून घेतले, १७२ जणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. युनियनशी बोलणी सात महिने चालली. पहिल्या बैठकीलाच तोट्याचे खरे आकडे त्यांच्यापुढे ठेवले होते. एकही दिवस काम बंद पडले नाही. २७ कोटींचा एकरकमी खर्च अडीच वर्षांत वसूल झाला.

*फसलेला अंदाज.* ६४ कोटींची निर्यात लाइन एकाच ग्राहकाच्या मागणीवर उभारली आणि किमान खरेदीची अट करारात घालून घेतली नाही. मागणी निम्मीच आली. प्रस्ताव माझा होता. दोन नवे ग्राहक मिळवून लाइन आता ७० टक्क्यांवर आणली आहे. त्यानंतर किमान खरेदीची हमी असल्याशिवाय क्षमतावाढीचा एकही प्रस्ताव मंडळापुढे नेलेला नाही.

*माणसे.* थेट अहवाल देणाऱ्या ९ पैकी ६ जण आतूनच वर आले आहेत. व्यवस्थापक स्तरावर नोकरी सोडण्याचे प्रमाण १९ वरून ९ टक्के. माझ्या जागी उद्या बसू शकतील असे दोघे तयार आहेत.

*संचालक मंडळ.* २०२१ पासून प्रत्येक बैठकीला निमंत्रित. लेखापरीक्षण समितीपुढे दर तिमाहीला परिचालन जोखमीचे सादरीकरण. बँकांबरोबर कर्जाच्या पुनर्रचनेच्या बोलण्यांत वित्तप्रमुखांसोबत.

उपाध्यक्ष, परिचालन (आधी कारखाना प्रमुख), २०१२ ते २०१९
औद्योगिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी. २ कारखाने, १,१०० माणसे, ३८० कोटींच्या व्यवसायाच्या नफ्या-तोट्याची जबाबदारी. वेळेवर पाठवणी ७१ वरून ९३ टक्के. त्यासाठी नवे यंत्र घेतले नाही. ऑर्डर स्वीकारताना विक्री विभाग देत असलेल्या तारखा आधी क्षमतेशी ताडून बघायला लावल्या, एवढेच. सुरुवातीला विक्रीवाले बरेच नाराज होते. उत्पादकतेशी जोडलेला चार वर्षांचा वेतन करार याच काळात झाला.

उत्पादन व्यवस्थापक, २००५ ते २०१२
१६० माणसे, ४५ कोटींचे विभागीय अंदाजपत्रक. टीपीएमची अंमलबजावणी.

शॉप फ्लोअर अभियंता, १९९९ ते २००५
मशीन शॉप, नंतर देखभाल. तिन्ही पाळ्या.

शिक्षण
उत्पादन अभियांत्रिकी पदवी, १९९९. नोकरी सांभाळून व्यवस्थापन पदव्युत्तर पदवी, २००९. आयएटीएफ १६९४९ चे अंतर्गत लेखापरीक्षक प्रशिक्षण.

भाषा
मराठी, हिंदी, इंग्रजी.

संदर्भ आणि उपलब्धता
आधीच्या कंपनीचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक, एका मोठ्या ग्राहकाचे खरेदीप्रमुख आणि बंद झालेल्या कारखान्याच्या युनियनचे माजी सरचिटणीस, या तिघांशी दुसऱ्या भेटीनंतर बोलता येईल. नोटीस ३ महिन्यांची. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंडळाकडून मंजूर होते. ते माझ्या वारसदाराच्या हाती सोपवल्यावरच निघेन, त्यामुळे १ एप्रिलच्या आधी रुजू होणे शक्य नाही.