ट्रेनी बरिस्टाच्या जागेसाठी अर्ज

समा, बडोदे
दि. १२ जून २०२५

प्रति,
कॅफेच्या मालक,
फतेगंज, बडोदे

विषय: ट्रेनी बरिस्टाच्या जागेसाठी अर्ज

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

तुमच्या काचेच्या दारावरचा कागद गेल्या शनिवारी वाचला: शिकाऊ बरिस्टा हवा किंवा हवी, अनुभवाची अट नाही, स्वतःबद्दल लिहून द्या. काउंटरवर तुम्ही फोनवर मराठीत बोलत होतात, म्हणून अर्जही मराठीतच लिहीत आहे.

मी सायली गाडगीळ, वय २१. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीतून यंदा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, प्रथम श्रेणीत. कॅफेत काम केल्याचा अनुभव मला अजिबात नाही. एस्प्रेसो मशीनला मी आजवर हात लावलेला नाही. गेली अडीच वर्षं घरी कॉफी करते, एवढीच माझी शिदोरी. ती तुमच्या कामाची आहे की नाही हे तुम्हाला ठरवता यावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर चहाचं. कॉफी व्हायची ती आजीच्या उपासाला आणि कोजागिरीला: चिकोरीवाली पूड पाण्यात उकळायची, मग दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. तो वास मला अजून आवडतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका मैत्रिणीच्या घरी पितळी फिल्टरमधली कॉफी प्यायले आणि डिकॉक्शन थेंबथेंब खाली उतरताना पाहत बसले. लॅबमध्ये ब्युरेटखाली बसायचो ना, तसंच. पुढच्याच महिन्यात तसला फिल्टर घेतला. मग शिकवणीच्या पैशातून तीन कपांचा मोका पॉट, नंतर फ्रेंच प्रेस आणि वाढदिवसाला बाबांनी दिलेला हँड ग्राइंडर. व्ही-६० चा ड्रिपर सगळ्यात शेवटी आला, पण सगळ्यात जास्त शिकवलं त्यानेच.

पहिले सहा महिने माझी कॉफी कधी छान व्हायची, कधी तोंडात धरवायची नाही, आणि का ते कळायचं नाही. मग प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी वही घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते:

'३ फेब्रुवारी. चिकमगळूर, मध्यम रोस्ट, भाजून ११ दिवस. १५ ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी. २२ क्लिक. पहिल्या ४५ ग्रॅम पाण्याला ४० सेकंद फुलू दिलं. एकूण ३ मि. ५० से. कडवट, जीभ कोरडी पडते. उद्या २५ क्लिक.'

दुसऱ्या दिवशी २५ क्लिकला तीच कॉफी ३ मिनिटं ५ सेकंदांत उतरली आणि शेवटच्या घोटापर्यंत गोडसर लागली. जाड दळली की पाणी घाईने निघून जातं आणि आंबटपणा पुढे येतो, फार बारीक दळली की नको तेही उतरतं. हे पुस्तकी वाक्य मला आधीपासून पाठ होतं. पण ते खरं पटलं एका रविवारी, बाबांसमोर एकाच बियांचे तीन दळणांचे तीन कप न सांगता ठेवले तेव्हा. बाबा पक्के चहावाले. त्यांनी चमच्याने चाखत सांगितलं, 'हा आंबट, हा बरा, हे औषध.' क्रम बरोबर होता.

पाण्याने मला फार छळलं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. टीडीएस मीटरवर ते सहाशेच्या वर दाखवतं आणि त्यात केलेली कॉफी मातट, बोथट लागते. आरओचं पाणी चाळीसच्या आत, त्यात ती पोकळ लागते, चवीला धरायला काही उरतच नाही. कॉफीला दीडशेच्या आसपासचं पाणी चांगलं मानतात, म्हणून मी आरओच्या पाण्यात उकळून गाळलेलं थोडं बोअरचं पाणी मिसळायला लागले. तेव्हापासून हलक्या रोस्टमधली फळासारखी आंबट-गोड चव माझ्या कपात पहिल्यांदा आली. तुमच्याकडे मशीनला फिल्टर लावलेला असणारच. जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात, म्हणून तो फिल्टर वेळेवर बदलणं आणि त्याची नोंद ठेवणं हे काम मला दिलंत तर मी ते मनापासून करेन.

मोका पॉटवर बरीच कॉफी जाळली. आता खालच्या भांड्यात गरम पाणीच घेते, म्हणजे पूड गॅसवर ताटकळत भाजली जात नाही. पूड दाबत नाही. आच मंद ठेवते, आणि वरून फुसफुस आवाज सुरू झाला की लगेच उतरवून बूड नळाखाली धरते. ही एस्प्रेसो नव्हे हे मला ठाऊक आहे. मोका पॉटमध्ये वाफेचा दाब जेमतेम एक-दोन बार, मशीनमध्ये नऊ. १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम एस्प्रेसो, हा हिशेब मी वाचलेला आहे, हाताला मात्र ठाऊक नाही. दुधाचंही तसंच. फ्रेंच प्रेसमध्ये दूध फेसाळवते, साठ-पासष्ट अंशांना थांबते, कारण त्यापुढे गेलं की गोडवा जाऊन उकळल्याचा वास येतो. पण वाफेच्या नळीने दूध फिरवून तो रेशमासारखा बारीक फेस काढणं मला येत नाही, आणि कपातलं पान तर दूरच.

आता जे सांगते त्यामुळेच हा अर्ज लिहायचं ठरवलं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरलं, वीज गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खालच्या मजल्यांवरची माणसं सामानासकट जिन्यात आलेली. दूध येण्याचा प्रश्नच नव्हता. गॅस होता, पिण्याचं पाणी सगळ्यांनी मिळून साठवलेलं होतं, माझ्याकडे पाव किलो बिया आणि हँड ग्राइंडर. एका संध्याकाळी मी मोका पॉट सात वेळा लावला आणि गरम पाणी मिसळून जिन्यात बसलेल्यांना काळी कॉफी दिली. पहिल्या खेपेला वाटत होतं, छान जमतंय. चौथ्यापासून घाई झाली. भांडं गार होऊ दिलं नाही, दळण डोळ्यांच्या अंदाजाने घेतलं. तळमजल्यावरचे काका दोनदा प्यायले आणि दुसऱ्या कपाला प्रेमाने म्हणाले, 'पहेली सारी हती, बेटा.' पहिली चांगली होती.

ते वाक्य मनातून गेलं नाही. घरी एक कप नीट करायला मला वेळ असतो, शांतता असते, आणि बिघडला तर मीच पिते. समोर माणसं थांबलेली असताना पहिल्या माणसाला मिळालं तेच सातव्यालाही द्यायचं, ही वेगळी विद्या आहे आणि ती घरी शिकता येत नाही. मला ती शिकायची आहे.

ती तुमच्याकडेच का, तेही लिहिते. मी आजवर पाच-सहा वेळा तुमच्याकडे आले आहे, बहुतेक वेळा काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बसते. त्या शनिवारी गर्दी होती. तुमच्या बरिस्टाने एक शॉट लावला, तो झरझर उतरला, त्यांनी टायमरकडे पाहिलं आणि सरळ ओतून टाकला. ग्राइंडर जरा बारीक केला, नवा डोस वजन करून घेतला आणि परत लावला. ज्याची कॉफी होती त्या मुलाला यातलं काही कळलंही नाही, तो मोबाइलमध्ये होता. दूध झाल्यावर दर वेळी वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसून वाफ सोडतात, हेही मी पाहिलं. पाहणारं कोणी नसताना शॉट फेकणाऱ्या माणसाच्या हाताखाली मला शिकायचं आहे.

सुरुवातीला भांडी, टेबलं, ग्राइंडरची सफाई, रात्री मशीनचं बॅकफ्लश, जे सांगाल ते करेन. लॅबमध्ये तीन वर्षं काचेची भांडी अशी धुतली आहेत की पुढच्याचं रीडिंग चुकू नये, त्यामुळे या कामाचा कंटाळा मला नाही. मराठी, गुजराती, हिंदी सहज बोलते, इंग्रजीही कामापुरतं नीट येतं. कॅपुचिनो आणि फ्लॅट व्हाइटमधला फरक एखाद्या काकींना गुजरातीत समजावून सांगायला मला आवडेल.

घरचं विचाराल, तर आईला आधी पटलं नव्हतं: बी.एस्सी. करून कॉफी करायची? मी तिला वही दाखवली, आणि केमिस्ट्री सोडत नाही, ती जिथे चाखता येते तिथे जाते आहे, असं सांगितलं. बाबांनी एक वर्ष दिलं आहे. त्यामुळे यंदा एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेला नाही आणि किमान एक वर्ष मी मध्येच सोडून जाणार नाही, हा शब्द देते. सकाळी सातची पाळी चालेल, रविवार आणि सणाचे दिवसही चालतील. फक्त गणपतीत आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, तेवढे दोन दिवस मागेन. घरून ॲक्टिवाने दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिकाऊ काळात तुम्ही इतरांना जे देता तेच मलाही चालेल.

भेटीला कधीही बोलवा. त्याआधी एक दिवस नुसतं काम करून पाहा म्हणालात तर तेही आवडेल, सोमवारपासून मी मोकळी आहे. माझा फोन नंबर तुमच्या काउंटरवरच्या वहीत ७ जूनच्या पानावर लिहून ठेवला आहे. येताना मूळ वही घेऊन येईन. तुमच्याकडच्या कुठल्याही बियांची एक कप पोरओव्हर तुमच्यासमोर करून दाखवायची माझी तयारी आहे. चुकलं कुठे ते मात्र तुम्ही सांगा.

आपली नम्र,
सायली गाडगीळ

सोबत: अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत, कॉफीच्या वहीतल्या चार पानांची झेरॉक्स