हिरांच्या जुड्या सोडवून वजाबाकी : इयत्ता तिसरीचा पाठ

या पाठाचे साहित्य गोव्यात विकत आणावे लागत नाही. माडाच्या वाळलेल्या चुडताचे हीर सोलून त्यांचे वीतभर तुकडे करावेत, टोके बोथट करावीत आणि दोन मुलांमागे पन्नास हीर व थोडे रबर द्यावेत. दहा-दहा हिरांच्या जुड्या मुलांनी स्वतः बांधाव्यात. आयत्या जुडीत दहाच हीर आहेत यावर मूल आपल्या शब्दाखातर विश्वास ठेवते, स्वतः बांधलेल्या जुडीबद्दल मात्र त्याची खात्री असते. बांधून झाल्यावर एकमेकांच्या जुड्या मोजायला सांगाव्यात, कारण नऊ किंवा अकराची एक जुडी पुढचे सगळे उत्तर बिघडवते.

वर्गात पुढीलप्रमाणे सांगावे.

मुलांनो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका आजीने 43 नारळ आणले आणि दुपारपर्यंत त्यांतले 17 विकले. तिच्याकडे किती उरले? एका नारळासाठी एक हीर धरा आणि 43 हीर मांडा : 4 जुड्या आणि 3 सुटे. आता 17 बाजूला काढायचे, म्हणजे 1 जुडी आणि 7 सुटे. सुटे तर तीनच आहेत. म्हणून एका जुडीचा रबर काढा आणि ते दहा हीर सुट्यांत मिसळा. आता 3 जुड्या आणि 13 सुटे झाले. थांबा, अजून एकही हीर कुणाला दिलेला नाही. मग सगळे मिळून हीर किती आहेत? मोजून पाहा : 43. आता 13 सुट्यांतून 7 काढा, 6 उरले. 3 जुड्यांतून 1 काढा, 2 उरल्या. आजीकडे 26 नारळ उरले. काढलेले 17 पुन्हा मिसळा, दहा सुट्यांची जुडी बांधा आणि 43 होतात का ते पाहा.

“अजून हीर किती आहेत?” हा प्रश्न घाईत गाळू नये, कारण सगळ्या पाठाचा अर्थ त्यातच आहे : जुडी सुटली तरी संख्या बदलत नाही, फक्त तिची मांडणी बदलते. याच कारणासाठी “शेजाऱ्याकडून उसने घेतले” असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. उसने घेतलेले परत करावे लागते, आणि इथे परत करण्यासारखे काही नसते. “जुडी सोडली” एवढेच म्हणावे. पाटीवर लिहिताना 4 खोडून 3 आणि एककाच्या 3 वर 13 लिहावे, आणि प्रत्येक खूण हिरांची हालचाल झाल्यानंतरच करावी.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे लहान अंक मोठ्यातून वजा करणे : 3 मधून 7 जात नाहीत म्हणून मूल 7 मधून 3 काढते आणि 34 लिहिते. दुसरे मूल 13 मधून 7 बरोबर काढते, पण एक जुडी कमी झाल्याचे विसरून 36 लिहिते. या दोन चुकांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून उदाहरणाची निवड महत्त्वाची ठरते. 52 − 27 दिले तर दोन्ही चुकांचे उत्तर 35 येते आणि कोणते मूल कुठे अडले ते कळत नाही. एककांतला फरक 5 असेल तेव्हा नेहमीच असे होते, म्हणून तपासणीसाठी अशी उदाहरणे टाळावीत. पहिल्या मुलाला पुन्हा हीर द्यावेत आणि “हे सात मला दे” असे म्हणावे. दुसऱ्याला फक्त राहिलेल्या जुड्या मोजायला लावाव्यात.

काही मुले 43 आणि 17 अशा दोन्ही संख्या मांडतात व गोंधळतात. नारळ एकाच ढिगातले आहेत, हे त्यांना दाखवावे. काही मुले सवयीने प्रत्येक वेळी जुडी सोडतात आणि 58 − 23 चे उत्तर 215 लिहितात, म्हणून जुडी सोडावी न लागणारी उदाहरणे मधूनमधून मिसळावीत. मराठी संख्यानामांचीही एक अडचण आहे : “एकोणचाळीस” ऐकून मूल 4 जुड्या मांडते. तिथे चूक वजाबाकीत नसून मांडणीत असते.

शून्याला स्वतंत्र तास द्यावा. 60 − 24 मध्ये 44 आणि 40 अशी दोन्ही चुकीची उत्तरे येतात. 304 − 128 साठी दहा जुड्यांची एक मोळी याप्रमाणे तीन मोळ्या बांधून ठेवाव्यात. सुटी जुडी एकही नाही, म्हणून आधी एक मोळी सोडायची, तिच्या दहा जुड्यांपैकी एक सोडायची, आणि मग 2 मोळ्या, 9 जुड्या व 14 सुटे दिसतात. उत्तर 176 येते. 186 लिहिणाऱ्या मुलाने जुड्यांच्या जागी 9 ऐवजी 10 धरलेले असतात. त्याला ती दहावी जुडी कुठे गेली, हे हातांनी शोधू द्यावे.