राज्यसेवा मेन्स, नोकरी सांभाळून : मार्च ते ऑगस्टचं कच्चं टाइमटेबल, जरा बघून सांगा

मंडळी, नमस्कार. मी नागपूरची, हिंगणा रोडला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. ऑप्शनल भूगोल, माध्यम मराठी. नोकरी सोडायची नाही, हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे ‘आधी जॉब सोड’ हा सल्ला कृपया नको.

पूर्वची तारीख मी अंदाजाने नोव्हेंबर धरली आहे. मार्च ते ऑगस्ट फक्त मेन्स, सप्टेंबरपासून फक्त पूर्व, आणि पूर्वनंतर पुन्हा मेन्स. खाली पहिल्या सहा महिन्यांचंच मांडते.

सोमवार ते शुक्रवार :
5:30 ते 7:30 भूगोल
9:15 च्या मेट्रोत, वासुदेव नगर ते अग्रसेन चौक : आदल्या दिवशीच्या नोट्स, फक्त वाचन
10 ते 6 ऑफिस
8:00 ते 9:30 जीएस
9:30 ते 10:15 उत्तरलेखन, पेनाने, घड्याळ लावून
10:45 ला झोप

शनिवारी ऑफिस दोनपर्यंत असतं. सकाळचे दोन तास भूगोलाचेच, संध्याकाळी 4 ते 8 अभ्यासिकेत जीएस. रविवारी आठ तास : तीन तासांचा एक पूर्ण पेपर आणि बाकी जीएस, निबंध, उजळणी.

असे आठवड्याचे 35 तास होतात. सहा महिन्यांचे साधारण 900. पण मे महिन्यातली लग्नं, पोळा, तान्हा पोळा, मार्च एंडिंगला ऑफिसात होणारा उशीर, एखादा ताप हे सगळं धरलं तर हातात 750 येतील असं मी मानते. त्यातले भूगोलाला 260, जीएसच्या चार पेपरांना मिळून 300, उत्तरलेखनाला 140, उजळणीला 30 आणि निबंध व भाषा मिळून 20. हा शेवटचा आकडा मलाच खटकतो, त्याच्यावर खाली येते.

आधी उत्तरलेखनाबद्दल, कारण सगळं टाइमटेबल त्याच्याभोवती बांधलं आहे. आमच्या अभ्यासिकेतली पोट्टी म्हणतात, आधी सिलॅबस एकदा वाचून काढ, लिहायचं नंतर बघू. मला ते पटत नाही. आपण सगळे वस्तुनिष्ठ प्रश्नांवर वाढलेलो, गोळे काळे करून हात तयार झाला. यूपीएससीच्या जीएस पेपरचा हिशेब करून बघा : 20 प्रश्न, त्यातले दहा 150 शब्दांचे आणि दहा 250 शब्दांचे. म्हणजे 180 मिनिटांत 4000 शब्द, मिनिटाला 22 च्या वर. त्यातच प्रश्न वाचायचा, मुद्दे आठवायचे, नकाशा काढायचा. मराठीत जोडाक्षरं, काना-मात्रा सांभाळत हा वेग आणायला महिने लागणार, तो ऑगस्टमध्ये एकदम येणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज दोन उत्तरं, वाचलेल्या भागावरची. सराव यूपीएससीच्या जुन्या पेपरांवर, कारण आपल्याकडे वर्णनात्मकचे जुने पेपर आहेतच किती.

दुसरी गोष्ट, जीएस मी पेपरनिहाय वाचणार नाही, विषय धरून वाचणार आहे. उदाहरण देते. एक आठवडा ‘प्रादेशिक असमतोल’. त्यात 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार, कलम 371(2), दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल, 1994 ची विकास मंडळं, केळकर समिती. हे जीएस 2 मध्ये चालतं, सिंचनाचा अनुशेष आणि गोसीखुर्द घेतलं की जीएस 3 मध्ये येतं, आणि भूगोलाच्या दुसऱ्या पेपरात प्रादेशिक नियोजनाखाली तेच पुन्हा. शिवाय उदाहरणं आपल्या डोळ्यासमोरची. एका वाचनात तीन पेपर होतात, पण भीती एवढीच की असं वाचताना एखादा कोपरा सुटला तर कळणारच नाही. सिलॅबसची प्रिंट भिंतीला लावून खुणा करत जाईन, याहून बरा उपाय कोणाकडे आहे का?

भूगोलाचा क्रम : मार्च-एप्रिल भूरूपशास्त्र, मे महिन्यात हवामानशास्त्र, जूनमध्ये मानवी भूगोलाचे सिद्धांत आणि प्रतिमानं, मग भारत. मे महिना मुद्दाम. इथे नवतपात दुपारी पारा 45 च्या घरात जातो, कूलर नुसता गरम वारा फेकून राहतो आणि वीज गेली की तेही नाही. अशा दिवसांत उष्णतेची लाट, औष्णिक कमी दाबाचा पट्टा आणि मान्सून वर सरकणं हे वाचायला वेगळी कल्पनाशक्ती लागत नाही. गंमत सोडा, पण रविवारचा तीन तासांचा पेपर मी त्या दोन महिन्यांसाठी सकाळी सहाला घेतला आहे. खऱ्या परीक्षेची वेळ ती नसते, हे माहीत आहे. मे-जूनपुरतं चालेल ना, की शरीराला चुकीची सवय लागेल?

आता जिथे माझं खरंच अडलं आहे.

मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही पेपर 300 चे, पात्रतेपुरते, 25 टक्के लागतात. गुण एकूण 1750 मध्ये धरत नाहीत म्हणून मी निबंधासकट सगळ्याला मिळून 20 तास दिले. मराठीची चिंता नाही. इंग्रजीचा सारांशलेखनाचा प्रश्न मात्र अंगावर येतो, आणि तिथे 75 गुण पडले नाहीत तर बाकीच्या सात पेपरांना काही अर्थ उरत नाही. निबंधाचे 250 तर थेट गुणवत्तेत जातात. माझा विचार असा की भूगोलाचे 20 तास कापून इकडे द्यावे. ज्यांनी भूगोल घेतला आहे त्यांनी सांगा, 240 तासांत दोन्ही पेपर एकदा होतात का?

आणि सीसॅट. ते मी सप्टेंबरवर ढकललं आहे. 200 पैकी 66 लागतात, एका प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे एकही चूक न करता 27 प्रश्न. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा कापला जातो तो धरला तर 32-33 तरी बरोबर यायला हवेत. गणितात मी बरी, उताऱ्यांत हळू. रविवारी अर्धा तास आतापासूनच द्यावा का? दिला तर तो उजळणीतून जाईल, आणि उजळणीला आधीच 30 तासच आहेत. ज्यांची पूर्व सीसॅटमुळे अडकली असेल त्यांचं मत मला जास्त उपयोगी पडेल.

मेट्रोतल्या वाचनाचे तास मी कुठेच मोजलेले नाहीत, उभं राहावं लागलं तर काय वाचून होणार! झोप साडेसहा तास ठेवली आहे, ती कापायला सांगू नका.

‘मस्त आहे ताई, लगे रहो’ असं लिहिण्यापेक्षा एखादा तास इकडून काढून तिकडे टाका आणि का ते एका ओळीत सांगा. नोकरी करून मेन्स लिहिलेलं कोणी असेल तर मार्च महिन्यात तुम्ही प्रत्यक्षात रोज किती तास बसत होता, तो आकडा खरा खरा सांगा. होळीच्या आधी मला हे पक्कं करून भिंतीवर लावायचं आहे. रविवारी लिहिलेले पेपर आपसांत तपासायला नागपुरातलं कोणी तयार असेल तर तेही कळवा, सीताबर्डीला भेटता येईल. ऑप्शनल कोणताही असू द्या, जीएस आणि निबंधाचे तपासू.