तीन टाके, तीन फुलं: पहिल्या रिंगची कृतिपत्रिका

ही पत्रिका आयुष्यात कधी सुई धरली नाही अशांसाठीच आहे. पाच इंची रिंगमध्ये एक मोठं आणि दोन लहान फुलं भरायची आहेत. देठाला दांडी टाका, पाकळ्या आणि पानांना लेझी डेझी, फुलांच्या मधल्या भागाला आणि कळ्यांना फ्रेंच नॉट. चौथा टाका नाही. दोन बैठका पुरतात, पण घाई असेल तर आज सुरूच करू नका.

समोर काय हवं

आठ इंची चौकोनी पांढरं सुती कापड, धुऊन इस्त्री केलेलं. नवं कापड न धुता वापरलंत आणि नंतर ते आटलं, तर भरलेल्या फुलाभोवती चुण्या पडतात. सात नंबरची भरतकामाची सुई (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा), लहान टोकदार कात्री, पाच इंची लाकडी रिंग आणि सहा पदरी सुती दोऱ्याच्या चार लड्या: हिरवी, गडद गुलाबी, फिकट निळी, पिवळी. याशिवाय त्याच कापडाचा एक तुकडा सरावासाठी.

नक्षी

कागदावर ९ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. सगळं त्याच्या आतच बसवायचं, म्हणजे रिंगच्या कडेला सुई अडणार नाही. वर्तुळाच्या तळाशी, कडेपासून अर्धा सेंटिमीटर वर एक ठिपका द्या. तिथून तीन देठ निघतात: मधला ५ सेंटिमीटरचा, अगदी सरळ न काढता जरासा झुकलेला, डावा-उजवा साडेतीन सेंटिमीटरचे, बाहेर वळलेले.

मधल्या देठाच्या वर मोठं फूल. त्याच्या मध्यभागी ६ मिलिमीटरचं वर्तुळ, भोवती सहा पाकळ्या, प्रत्येक १२ मिलिमीटर लांब. पाकळी पूर्ण काढू नका. ती जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे फक्त ठिपके द्या. पूर्ण काढलेली रेघ टाक्याबाहेर डोकावते आणि मग डोळ्यांना तीच दिसत राहते.

लहान फुलांचा मध्य ४ मिलिमीटरचा, पाकळ्या पाच, ९ मिलिमीटरच्या. पाच पाकळ्या समान अंतरावर काढणं अवघड वाटतं, म्हणून हातपाय पसरून उभा असलेला माणूस आठवा: डोकं, दोन हात, दोन पाय. देठ दोन पायांच्या मधून वर येतो. प्रत्येक देठाला दोन पानं आणि मधल्या देठाला दोन्हीकडे एकेक आखूड फांदी, तिच्या टोकाला कळ्यांसाठी तीन ठिपके.

कागद उजेडाच्या खिडकीला चिकटवा, वर कापड ठेवा आणि टोक केलेल्या पेन्सिलीने हलकेच गिरवा. पाण्याने जाणारं पेन वापरलंत तर ते धुऊन काढेपर्यंत इस्त्री लावायची नाही. उष्णतेने ती शाई पक्की बसू शकते.

ताणणं आणि ओवणं

आतली रिंग खाली, वर कापड, वरून बाहेरची रिंग. स्क्रू अर्धा आवळा, मग कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढा. तिरकं ओढलं तर गोल वर्तुळ अंडाकृती होतं. टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज आला की पूर्ण आवळा.

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. लांब घेतला की वारंवार ओवावा लागत नाही हे खरं, पण तो वाचलेला वेळ गुंते सोडवण्यात जातो. सहा पदर एकेक करून सरळ वर ओढून सुटे करा आणि हवे तेवढे पुन्हा एकत्र घ्या. देठ आणि गाठींना दोन पदर, पाकळ्या आणि पानांना तीन.

सुरुवातीला गाठ मारायची नाही. मागे ५ सेंटिमीटर शेपूट सोडा, बोटाने धरा आणि पहिले चार-पाच टाके तिच्यावरून जाऊ द्या. संपवतानाही मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून दोरा कापा.

१. दांडी टाका: देठ

देठ आधी, कारण पुढचे सगळे दोरे त्यांच्या मागे अडकवता येतात. डावीकडून उजवीकडे चला. अ पाशी सुई वर काढा, ५ मिलिमीटर पुढे ब पाशी खाली घाला आणि दोघांच्या बरोबर मध्ये क पाशी वर काढा. दोरा ओढताना तो सुईच्या खालच्या बाजूलाच असू द्या. पुढचा टाका ब च्या अडीच मिलिमीटर पुढे खाली जातो आणि सुई ब च्याच भोकातून वर येते. असंच पुढे. दोरा एकदा वर, एकदा खाली गेला तर पीळ मोडतो. देठ दोरीसारखा दिसत नसेल तर कारण बहुधा हेच. वळणावर टाके ३ मिलिमीटरचे करा. डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं, उजवीकडून डावीकडे.

२. लेझी डेझी: पाकळ्या आणि पानं

दोरा कापडाशी किती प्रेमाने वागतो ते या टाक्यात उघडं पडतं. मध्याच्या कडेला सुई वर काढा आणि त्याच भोकाशेजारी खाली घाला, पण दोरा पूर्ण ओढू नका. वर एक फास राहू द्या. पाकळीच्या टोकाच्या ठिपक्यातून, फासाच्या आतून, सुई वर काढा. आता दोरा टोकाच्या दिशेने अलगद ओढा. फास कापडाला टेकला की थांबा. आणखी ओढलात तर पाकळीची रेघ होते. मग फासावरून अगदी छोटा टाका घेऊन तो टाचून टाका.

मोठ्या फुलाच्या पाकळ्या घड्याळातल्या आकड्यांप्रमाणे भरा: १२, ६, मग २, ८, शेवटी ४, १०. ओळीने गेलात तर शेवटच्या पाकळीला जागा उरत नाही. पानं हिरव्या दोऱ्याने, देठाला टेकून सुरू करा.

एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना दोरा मागून ओढत नेऊ नका. पांढऱ्या कापडातून गडद गुलाबी दोरा समोर दिसतो. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर कापा आणि नव्याने सुरू करा.

३. फ्रेंच नॉट: मध्य आणि कळ्या

रिंग टेबलावर टेकवा, कारण इथे दोन्ही हात लागतात. मांडीवर मात्र नको. माझ्या पहिल्या गाठीत अंगावरचा कपडाही शिवला गेला होता.

सुई वर काढा. डाव्या हाताने दोरा ताणून धरा आणि सुईवर दोन वेढे घ्या. सुईचं टोक वर आलेल्या जागेपासून एक-दोन धागे सोडून खाली घाला. त्याच भोकात घातलीत तर गाठ सरळ मागे निसटते. वेढे कापडापर्यंत खाली सरकवा, आणि दोरा शेवटपर्यंत ताणलेलाच ठेवून सुई खालून ओढा. सरावाच्या तुकड्यावर दहा गाठी घालूनच खऱ्या कापडाकडे वळा. पहिल्या तीन-चार जमत नाहीत, कोणाच्याच नाहीत.

मोठ्या फुलात सात पिवळ्या गाठी (एक मध्ये, सहा भोवती), लहान फुलांत तीन-तीन. कळ्यांना गुलाबी.

रिंगमध्ये बसवणं

कोमट पाण्यात धुऊन वाळवा. जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करा, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत. पुन्हा रिंगमध्ये ताणा, बाहेर ३ सेंटिमीटर कापड ठेवून बाकी कापा. त्या कडेला दुहेरी दोऱ्याने साधा धावदोरा घाला, ओढून मागे चुण्या गोळा करा आणि गाठ मारा. (हा चौथा टाका झाला, मान्य. पण समोरून दिसत नाही, म्हणून मोजलेला नाही.) स्क्रू बरोबर वर येईल अशी रिंग धरा आणि त्यातूनच टांगायचा दोरा ओवा.