कोथरूडमधलं पाळणाघर: मावश्या उत्तम, निरोपांची बोंब

मुलगी पावणेदोन वर्षांची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथेच असते. जमेची बाजू म्हणजे मावश्या. रडणाऱ्या मुलावर कुणी खेकसत नाही. कडेवर घेऊन खिडकीतली कबुतरं दाखवतात. भरवताना मोबाइल लावत नाहीत, जे आमच्या घरीही जमत नाही. न्यायला नवीन माणूस आलं तर आईबाबांना फोन केल्याशिवाय मूल सोडत नाहीत. माझ्या सख्ख्या भावालाही दारातच थांबवलं. तो चिडला, मला मात्र बरं वाटलं. जिन्याला फाटक आहे, प्लगना झाकणं आहेत. गॅलरीची जाळी एका कोपऱ्यात सैल आहे, ती सांगूनही तशीच.

स्वच्छता ठीक. डायपर बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब, चादरी ज्याच्या त्याच्या. पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येतो.

खरी तक्रार निरोपांची. दुपारी ताप आला तर संध्याकाळी कळतं, तेही आपण विचारल्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर सणांचे फोटो ढीगभर, पण पोर किती जेवलं, कधी झोपलं, याचा पत्ता नाही.

प्रवेश घेण्याआधी एखाद्या दुपारी न कळवता जाऊन बघा; आत येऊ देतात.