पाखाडीचा पावसाळा: मुंबईकरांसाठी काही छायाचित्रे आणि त्यांखालच्या ओळी

ही छायाचित्रे गुहागरच्या खालच्या पाटातल्या एका पाखाडीची, तिच्यावरच्या आभाळाची आणि ती जिथे संपते त्या समुद्राची आहेत. आपल्या वाडीतली माणसे मुंबईहून मे महिन्यात आंब्याला येतात आणि भाद्रपदात गणपतीला येतात. या दोन येण्यांच्या मधला पाऊस त्यांच्यापैकी बहुतेकांनी नोकरीला लागल्यापासून पाहिलेला नाही. तो त्यांना पाहता यावा म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली चार ओळी लिहिल्या आहेत. शब्द साधे ठेवले आहेत, कारण या पाखाडीत अवघड शब्द कोणी बोलत नाही.

मृगाच्या आदल्या संध्याकाळी, पाखाडीचे तोंड

नैर्ऋत्येकडून एकच ढग आला आणि सगळ्या पाखाडीचा रंग उतरला. दगड अजून कोरडे आहेत, पण अंगणातली आमसुले, फणसपोळ्या आणि पापड केव्हाच घरात गेले आहेत. दोरीवर एक पंचा तेवढा राहिला आहे आणि वारा त्यालाही आत जायला सांगतो आहे.

पहिली सर

जांभ्यात लोखंड असते म्हणून तो तांबडा असतो, हे शाळेत शिकलो होतो. पण ते लोखंड डोळ्यांना दिसते ते पहिल्या सरीतच, जेव्हा वर्षभराची धूळ धुऊन जाते आणि दगडाचा खरा रंग आतून वर येतो. या दगडाला बारीक छिद्रे आहेत. सुरुवातीच्या सरी तो मुकाट्याने पिऊन टाकतो, आणि त्याची तहान भागल्यावरच पाखाडीवरून पाणी वाहू लागते.

समुद्र, ज्येष्ठ अखेर

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण हे दिवस माशांच्या विणीचे आहेत. होडी वाळूवर वरपर्यंत ओढून झापांनी झाकली आहे. पाण्यावर एकही शीड नाही, एकही दिवा नाही. लाटा येतात, वाळू घेऊन जातात, आणि त्यांना आडवे जाणारे कोणी नाही.

आभाळ, आर्द्रा नक्षत्र

हे छायाचित्र भर दुपारी बाराचे आहे, संध्याकाळचे नाही. आम्ही दिवा लावून जेवायला बसलो होतो आणि पानातला भात तेवढा पांढरा दिसत होता. समुद्राच्या कडेला उजेडाची जी बारीक चीर दिसते आहे, ती मिटली की सर आली असे समजावे. इथली म्हातारी माणसे अजूनही घड्याळाकडे न पाहता त्या चिरेकडे पाहून दारे लावून घेतात. हे ढग गुहागरला मुक्काम करीत नाहीत. ते काही पाणी आपल्या वाड्यांवर सांडतात आणि उरलेले घेऊन पूर्वेकडे, सह्याद्रीकडे जातात. तिथे डोंगर त्यांना वर चढायला लावतो, आणि वरच्या गारव्यात त्यांना आपले ओझे सांभाळता येत नाही. तुमची गाडी घाटातून किंवा चिपळूणजवळून जाताना खिडकीच्या काचेवर जे पाणी आपटते, त्यातले काही आधी आपल्या माडांवरून गेलेले असते. मला या सगळ्या संचातले हे छायाचित्र सर्वांत जवळचे वाटते, आणि त्यात ढगाशिवाय काही नाही.

पागोळ्या

कौलांच्या प्रत्येक ओळीखाली अंगणात एक खळगा पडला आहे. खळग्यात माती उरलेली नाही, धुऊन निघालेले तांबडे खडे तेवढे आहेत. थेंब पडतो तेव्हा ते जागच्या जागी हलतात आणि पुन्हा स्थिर होतात. घर बंद आहे, कुलूप गंजले आहे, कडीला कोळ्याने जाळे विणले आहे, पण पागोळ्यांनी एका वर्षीही जागा चुकवलेली नाही. हे घर कोणाचे ते इथे लिहिलेले नाही. ज्याचे आहे, त्याला पडवीतल्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांवरून कळेल.

लावणी

चिखलात वाकलेल्या पाठी निळ्या प्लॅस्टिकखाली झाकल्या आहेत, कारण इरले विणणारे हात आता थोडेच उरले आहेत. तरव्याच्या मुठी हातातून चिखलात जातात, आणि माणसे मागे सरकत जातात तसतसे शेत पुढून हिरवे होत येते.

आषाढातली रात्र, विजेविना

पाखाडीतल्या सगळ्या घरांचे दिवे गेले, तेव्हा पहिल्यांदा समुद्र किती जवळ आहे ते ऐकू आले.

गडगा

गडग्याचे दगड कोणी कोणाला चिकटवलेले नाहीत. ते एकमेकांच्या भाराने उभे आहेत. श्रावण लागला की त्यांच्या फटीफटीतून नेचे आणि तेरडा बाहेर येतो, आणि दोन वाड्यांची हद्द दाखवणारी ही भिंत दोन्ही वाड्यांची फुलबाग होते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो खरे, पण या गडग्यावर एक फूल गळते तोवर शेजारी दुसरे उमललेले असते, त्यामुळे रंग असा कधी गेलेला दिसतच नाही.

ऊन आणि सर एकाच वेळी

डाव्या बाजूच्या माडांवर ऊन आहे आणि उजव्या बाजूच्या पोफळींवर पाऊस आहे. पाखाडी मधोमध आहे, आणि तिच्यावरून शाळेतून येणाऱ्या मुलीने छत्री उघडावी की मिटावी हे अजून ठरवलेले नाही.

नारळी पौर्णिमा

नारळ पाण्यात गेला, क्षणभर बुडाला आणि वर आला. होडीवरचे झाप निघाले आहेत. तिच्या नव्या रंगाचा वास ओल्या वाळूवर बराच दूरपर्यंत येतो आहे.

उफराटा गणपती

समुद्र गावात शिरू लागला तेव्हा या देवाने तोंड फिरवून पश्चिमेकडे केले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. छायाचित्र काढले त्या सकाळी लाटांचा आवाज देवळात स्पष्ट येत होता आणि आभाळ थेट कळसाला टेकले होते. देवापुढे एक जास्वंद, बाहेर सगळा पाऊस, आणि समुद्र त्याच्या समोर, आपल्या हद्दीत.

हरितालिकेची सकाळ, पाखाडी

सकाळपासून पाखाडीवर खराटे चालले आहेत. तीन महिन्यांचे शेवाळ निघते आहे आणि त्याखालचा तांबडा दगड पुन्हा दिसू लागला आहे. बंद घरांची कुलुपे तेल घालून उघडली आहेत, गाद्या पडवीत काढल्या आहेत, माटवीला बांधायला कांगण्या आणि कवंडळे आणली आहेत, आणि कोणाच्या तरी रेडिओवर आरती लागली आहे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अजून चालू आहे, त्यामुळे रात्री चिपळूणला उतरणाऱ्यांनी घाई करू नये. पहाटेच्या एसटीला आपल्यातली दोन माणसे स्टँडवर थांबलेली असतील. सामान त्यांच्याकडे द्यावे आणि विहिरीजवळच्या पायऱ्या उतरताना गडग्याच्या बाजूने चालावे, कारण तिथले शेवाळ दोनदा घासूनही अजून पुरते निघालेले नाही.