सागर, 11 तारखेच्या ड्युटीचं जरा विचारायचं होतं

सागर भावा, कामात असशील तर नंतर वाच, गडबड नाही. मेसेज जरा लांबडा झालाय कारण फोनवर बोललो असतो तर तू लगेच "हो" म्हणून मोकळा झाला असतास आणि मग घरी जाऊन कॅलेंडर बघितलं असतंस, तुझा स्वभाव माहीत हाय मला. म्हणून लिहूनच टाकतोय.

विषय असा की येत्या मंगळवारी 11 तारखेला माझी सेकंड आहे, साडेतीन ते बारा, आणि तुझी फर्स्ट. त्या दिवशी संध्याकाळी मला आईला अंबाबाईला न्यायचंय, किरणोत्सवाला. इमर्जन्सी वगैरे काही नाही हे आधीच सांगतो, सगळे ठणठणीत आहेत, नुसती हौस आहे.

आई दिवाळीला गावाकडनं आली ती अजून आहे. राधानगरीच्या बाजूला सगळा जन्म गेला, कोल्हापूरला शंभरदा आली असंल, पण किरणोत्सव कधी बघितला नाही. दरवेळी नोव्हेंबर म्हटलं की भाताची कापणी नाहीतर ऊसतोड. परवा चहा पिता पिता बोटावर मोजत बसलेली, नऊला पायावर, दहाला छातीवर, अकराला तोंडावर, आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणते "तोंडावर पडत्यात ते बघायचं हुतं". झालं, पुढं काय बोलली नाही, कपबशी धुवायला उठली. मला नेतोस काय असं सरळ विचारलं असतं तर मी ड्युटीचं कारण सांगितलं असतं, पण असं म्हटल्यावर काय करतोस.

आता पूर्ण शिफ्ट बदलूया असं आधी डोक्यात होतं, पण मग लक्षात आलं की तू मंगळवारी रात्री बाराला सुटणार आणि बुधवारी परत सातला हजर, म्हणजे माझ्या हौसेपायी तुझी झोप गेली. ते काय बरोबर नाही. म्हणून दुसरं एक गणित बसवलंय, बघ पटतंय का.

मंगळवारी सकाळी सातला तुझ्या जागी मी येतो, साडेअकरापर्यंत थांबतो. तू साडेअकराला यायचं आणि रात्री आठपर्यंत थांबायचं. आठला मी परत येतो ते बारापर्यंत. तुझे साडेआठ तास, माझे साडेचार अधिक चार म्हणजे साडेआठच, कुणाचं जास्त नाही कुणाचं कमी नाही. तुला सकाळ मोकळी मिळते, आठला सुटलास की जेवायला घरी, आणि बुधवारची तुझी फर्स्ट आहे तशीच राहते. सोमवारी रात्री बाराला सुटून मंगळवारी सातला मला यावं लागंल खरं, पण ती माझी झोप आहे, तिचा विचार तू करू नको, दुपारी एक डुलकी काढीन.

सूर्य मावळायच्या वेळचंच सगळं असतंय, सहाच्या आत बाहेर. पण गर्दी आणि आईचे गुडघे बघता चारलाच आत जाऊन बसावं लागंल. मग तिला घरी सोडायचं आणि तिथनं शिरोलीला यायचं, त्यात आता कारखान्यांचा सीझन, तावडे हॉटेलपासनं पंचगंगेच्या पुलापर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्या कशा चालतात तुला माहीतच आहे. तरी मी गाडीनं येणार, आठ म्हणजे आठ. अगदीच अडकलो तर दहा मिनिटं इकडंतिकडं, आणि तसं वाटलं तर सातलाच फोन करीन, आठला करून कारणं सांगत बसणार नाही.

कामाचं म्हणशील तर तुला जादा ताप होऊ नये एवढं बघतो. स्पेक्ट्रोचं स्टँडर्डायझेशन सकाळीच करून ठेवतो. आर्गॉनचा सिलेंडर उतरत आलाय, तो सोमवारी रात्रीच बदलतो म्हणजे तुझ्या वेळेत रीडिंग बसायची वाट बघत थांबायला नको. सँडचं मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टेबिलिटीची सकाळची नोंद रजिस्टरला करूनच हातात देईन. संध्याकाळी एसजीच्या हीट लागल्यात असं प्लॅनिंगवाले म्हणत होते, म्हणजे साडेतीननंतर बाथ सॅम्पल आणि ट्रीटमेंटनंतरचं फायनल सॅम्पल दोन्ही तुझ्याकडं येणार, ते जरा धावपळीचं आहे हे लपवत नाही. मॅग्नेशियम उतरायच्या आत ओतायचं म्हणून फर्नेसवाले डोक्यावर उभे राहतात आणि सॅम्पलचं कॉइन गरम असतानाच हातात कोंबतात. तुझ्यापेक्षा मीच जास्त वैतागतो त्याला, तू आपला शांतपणे ग्राइंड करतोस.

अजून एक, हे मी साहेबांना अजून बोललेलो नाही आणि ग्रुपवरही टाकलेलं नाही. मुद्दाम. आधी त्यांना सांगितलं की ते तुला बोलावून विचारणार, मग तुला नाही म्हणायला अवघड. तू हो म्हटलास तर पंचिंगचं आणि परवानगीचं मी बघतो, त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथंच संपला. आणि तू नाही म्हटलास तर हे आपल्या दोघांतच राहिलं, कुणाला कळायचं कारण नाही.

खरंच सांगतो, त्या दिवशी तुझं काही असंल, नाहीतर नुसता कंटाळा असंल तरी "नाही जमत" एवढंच टाक, कारण लिहायची गरज नाही. गेल्या महिन्यात तू माझ्यासाठी दोन तास थांबलेलास ते अजून माझ्याकडंच बाकी आहे, त्यामुळं परत मागायला मलाच जरा कसंतरी होतंय. आणि किरणोत्सव काय वर्षातनं एकदाच नसतो, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी परत आहे. आईला तेव्हा आणू. शिवाय ढग आले नाहीतर धुरकट हवा असली तर किरणं आत पोचतच नाहीत, म्हणजे एवढी उलथापालथ करून आम्ही आवारातल्या स्क्रीनवर अंधार बघून यायची पण शक्यता आहे 😄 आईला सांगितलं तर म्हणते "आई बोलवंल तवाच दिसंल", त्यामुळं तिकडनं मला काही टेन्शन नाही.

बदल्यात मिसळ देतो वगैरे म्हणत नाही, ती आपण तशीही खातोच आणि पैसे बहुतेक वेळा तूच देतोस. त्यापेक्षा डिसेंबरमध्ये तुला एखादा दिवस लागला तर मला सांग, कुठलाही, लग्नसराईतला पण चालेल. आणि तो दिवस तू मला आत्ता हो म्हणालास तरच असं नाही, तसाही सांग.

रविवार रात्रीपर्यंत कळव म्हणजे सोमवारी साहेबांना गाठता येईल. रविवारी विसरलास तर मी परत विचारणार नाही, नाही असंच समजून चालीन, त्यामुळं उगं नंतर सॉरी म्हणत येऊ नको.

आणि हो, तुझा निळा हेल्मेट लॅबच्या कपाटावर राहिलाय, कुणीतरी त्यात सॅम्पलचे तुकडे टाकून ठेवलेले, मी झाडून आत ठेवलाय.